तीस अंश, पण किती खोलवर?

*"समुद्राचं तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर गेलं की चक्रीवादळ तयार होतं, असं सगळीकडे वाचलंय. पण नकाशात तर महिनोन्‌महिने त्याहून जास्त तापमान दिसतं आणि काहीच होत नाही. उलट कधी तेवढ्याच तापमानावर वादळ एका रात्रीत दुप्पट होतं. मग या आकड्याचा नेमका संबंध काय, आणि तो वाचायचा कसा?"*

आधी पाण्याच्या उबेचं काम काय ते पाहू. तो धागा हातात आला की आकडे वाचणं सोपं जातं.

चक्रीवादळ पाण्याच्या उष्णतेवर चालतं असं आपण सहज म्हणतो, पण ती उष्णता वादळाला थेट मिळत नाही, बाष्पाच्या रूपाने मिळते. एक किलो समुद्राचं पाणी वाफ होऊन हवेत गेलं, की त्याबरोबर सुमारे 24 लाख ज्यूल सुप्त उष्णता वर जाते. ती हवा ढगात चढते, बाष्पाचं पुन्हा पाणी होतं आणि दडलेली उष्णता तिथे मोकळी होते. वादळाच्या मध्याची हवा गरम होते, हलकी होते, खालचा दाब उतरतो, दाब उतरला की वारा वाढतो आणि वारा वाढला की बाष्पीभवन आणखी वाढतं. हे चक्र स्वतःच स्वतःला पोसतं. हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांनी 1986 मध्ये त्याची तुलना उष्णतेच्या इंजिनाशी केली: खाली सुमारे 300 केल्विनचा समुद्र, वर सुमारे 200 केल्विनची थंड हवा, आणि या दोन टोकांमधल्या फरकावर चालणारं यंत्र.

बाष्पाचं प्रमाण तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. दर अंशामागे हवेची बाष्प धरण्याची कमाल क्षमता साधारण 6 ते 7 टक्क्यांनी वाढते, आणि ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी चढत जाते. 26 अंशांच्या पाण्यालगत संपृक्त बाष्पाचा दाब 33.6 हेक्टोपास्कल असतो, तर 30 अंशांच्या पाण्यालगत तो 42.4 होतो. चार अंशांत सव्वापट. म्हणून 22 चं पाणी 24 झालं तर वादळाच्या दृष्टीने फार काही बिघडत नाही, पण 28 चं 30 झालं की माझी नजर त्या भागावरून हटत नाही.

आता साडेसव्वीसच्या रेषेविषयी. ही रेषा आली ती मुख्यतः हवामानशास्त्रज्ञ एरिक पाल्मेन यांच्या 1948 च्या कामातून. वादळं कुठल्या पाण्यावर तयार होतात हे पाहताना त्यांना 26 ते 27 अंशांच्या खाली ती जवळपास दिसली नाहीत. म्हणजे हा निरीक्षणातून आलेला उंबरठा आहे. पाणी उकळण्याचं तापमान जसा पाण्याचा गुणधर्म असतो, तसा हा नाही. त्या काळच्या उष्ण कटिबंधात वरची हवा ज्या तापमानाची होती, तिच्याखाली ढगांना उंच चढण्यासाठी एवढं ऊबदार पाणी लागत होतं, इतकाच त्याचा अर्थ. वरची हवा बरीच थंड असेल तर कमी तापमानाचं पाणीही पुरतं. ऑक्टोबर 2005 मधलं 'व्हिन्स' हे वादळ पूर्व अटलांटिकमध्ये 23-24 अंशांच्या पाण्यावर तयार झालं आणि पुढे स्पेनच्या किनाऱ्याला लागलं. उलट संपूर्ण उष्ण कटिबंधाचा समुद्र तापला की त्यावरची हवाही तापते आणि उंबरठा स्वतःच वर सरकतो. म्हणून हवामान बदलाच्या संदर्भात एखाद्या समुद्राचं तापमान उष्ण कटिबंधाच्या सरासरीपेक्षा किती वर आहे, हे पाहणं नुसत्या आकड्यापेक्षा जास्त बोलकं ठरतं.

पाणी पुरेसं ऊबदार असूनही वादळ होत नाही, कारण पाणी ही एक अट आहे. विल्यम ग्रे यांनी 1960 आणि 70 च्या दशकांत बाकीच्या अटी मांडल्या, त्या आजही टिकून आहेत: खालच्या थरात आधीपासूनची फिरती हवा, विषुववृत्तापासून थोडं अंतर, मधल्या थरात दमटपणा, ढग उंच चढू देणारी अस्थिर हवा, आणि खालच्या व वरच्या वाऱ्यांत फारसा फरक नसणं. शेवटची अट सर्वांत जास्त वेळा आडवी येते. खालचा वारा एका दिशेला आणि बारा-चौदा किलोमीटरवरचा वेगाने दुसऱ्या दिशेला वाहत असेल, तर ढगांचा मनोरा तिरका होतो आणि मध्यावर साठणारी उष्णता वाहून जाते. पाणी 31 अंश असलं तरी अशा हवेत वादळ उभं राहत नाही. दक्षिण अटलांटिकमध्ये चक्रीवादळं इतकी विरळ असण्यात या वाऱ्यांच्या फरकाचा मोठा वाटा आहे. त्यामुळे महिनोन्‌महिने 29 अंश दाखवणारा नकाशा 'इंधन आहे' एवढंच सांगतो, 'आग लागणार' असं सांगत नाही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: तेवढ्याच तापमानावर एक वादळ साधं राहतं आणि दुसरं एका रात्रीत भयंकर कसं होतं? याचं मोठं उत्तर पृष्ठाखाली आहे.

वादळ समुद्रावरून फक्त जात नाही, ते समुद्र घुसळतं. जोराचा वारा वरच्या पाण्याला ओढतो, त्यातून खालच्या थराशी घर्षण होतं आणि खालचं गार पाणी वर मिसळतं. शिवाय वादळाच्या मध्याखालून पाणी बाहेर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं पाणी वर येतं. वादळ पुढे सरकत असताना त्याच्या पोटाखालचं पाणी म्हणूनच थंड होत असतं. तुम्ही नकाशावर जे तापमान पाहता ते वादळ येण्यापूर्वीचं असतं. वादळाला मिळतं ते घुसळून झालेलं पाणी.

एक हिशेब करून पाहू. आकडे मी समजायला सोपे घेतलेत, पण असे समुद्र खरोखर असतात. दोन जागा घ्या, दोन्हींचं पृष्ठतापमान 29.5 अंश. पहिल्या जागी 29.5 चं पाणी फक्त 20 मीटरपर्यंत आहे, त्यानंतर ते उतरत 40 मीटरवर 26 आणि 80 मीटरवर 22 अंश होतं. दुसऱ्या जागी 29.5 चं पाणी थेट 60 मीटरपर्यंत आहे आणि 26 अंश गाठायला 110 मीटर खाली जावं लागतं. उपग्रहाच्या नकाशात दोन्ही जागांना एकच रंग मिळेल.

आता जोरदार वादळाने वरचे 80 मीटर पाणी पूर्ण ढवळलं असं धरा. मिसळलेल्या पाण्याचं तापमान म्हणजे त्या 80 मीटरची सरासरी. पहिल्या जागी वरच्या 20 मीटरचे 29.5, मधल्या 20 मीटरचे सरासरी 27.75 आणि खालच्या 40 मीटरचे सरासरी 24 अंश घेतले, तर उत्तर येतं 26.3. दुसऱ्या जागी 60 मीटर 29.5 चे आणि उरलेले 20 मीटर सरासरी 28.8 चे, म्हणून उत्तर 29.3. एकीकडे पाणी सव्वातीन अंशांनी गार झालं, दुसरीकडे जेमतेम 0.2 ने.

बाष्पाच्या भाषेत हा फरक कितीचा? वादळातली हवा 27 अंशांची आणि 85 टक्के दमट आहे असं मानू. तिच्यातला बाष्पदाब 30.2 हेक्टोपास्कल. पाण्यालगतचा संपृक्त दाब, खारेपणामुळे दोन टक्के कमी धरून, 29.3 अंशांना सुमारे 39.8 आणि 26.3 अंशांना सुमारे 33.4 येतो. बाष्पीभवन या दोन दाबांमधल्या फरकावर चालतं: दुसऱ्या जागी फरक 9.6 चा, पहिल्या जागी 3.2 चा. वारा तेवढाच असूनही पहिल्या जागी वादळाला एक तृतीयांश बाष्प मिळालं. शिवाय तिथे पाणी हवेपेक्षा गार झालं आहे, म्हणजे थेट उष्णता हवेतून पाण्यात जायला लागली. खऱ्या वादळात पाण्याबरोबर हवाही थोडी बदलते, त्यामुळे प्रत्यक्षात तफावत इतकी टोकाची राहत नाही. पण दिशा हीच असते.

हा हिशेब एका आकड्यात बांधायची पद्धत लाइपर आणि व्होल्गेनाऊ यांनी 1972 मध्ये मेक्सिकोच्या आखातासाठी मांडली. पृष्ठापासून 26 अंशांच्या खोलीपर्यंत प्रत्येक थरातलं 26 च्या वरचं तापमान घ्यायचं, त्याची बेरीज करायची आणि पाण्याच्या घनतेने व उष्माधारकतेने गुणायचं. आज तिला चक्रीवादळ उष्मा क्षमता म्हणतात, आणि बोलताना सगळेच टीसीएचपी म्हणतात. वरच्या दोन जागांचं टीसीएचपी काढलं तर पहिलीचं सुमारे 43 आणि दुसरीचं सुमारे 122 किलोज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर येतं. व्यवहारात 50 च्या आसपास वादळाला आधार मिळू लागतो असं धरतात, आणि 100 च्या वरचा पट्टा वादळाच्या वाटेत असेल तर अंदाज देणाऱ्याने हात राखून बोलायचं असतं.

हे सारं एका खऱ्या वादळात पाहिलं की मनावर ठसतं. ऑक्टोबर 1995, मेक्सिकोचं आखात, वादळाचं नाव 'ओपल'. युकातान द्वीपकल्पाच्या आसपास हे वादळ अनेक दिवस रेंगाळत होतं. 2 ऑक्टोबरला ते हरिकेन झालं आणि मग उत्तरेकडे, ईशान्येकडे वळलं. आखाताचं पृष्ठतापमान तेव्हा मोठ्या भागात जवळपास सारखंच उबदार होतं. उन्हाळ्याच्या शेवटी तिथे नेहमी असंच असतं. सूर्याने वरचा पातळ थर सगळीकडे सारखा तापवलेला असतो आणि त्याखाली काय आहे ते नकाशातून दिसेनासं होतं.

वाटेत मात्र एक उबदार भोवरा होता. कॅरिबियनमधून युकातानच्या सामुद्रधुनीतून आखातात शिरणारा 'लूप करंट' हा गरम प्रवाह वळण घेऊन फ्लोरिडाजवळून बाहेर पडतो, आणि त्याचं वळण अधूनमधून तुटून शेकडो किलोमीटर रुंदीचा फिरता तुकडा वेगळा होतो. तो हळूहळू पश्चिमेकडे सरकत राहतो. त्याच्या पोटात कॅरिबियनचं खोलवर ऊबदार पाणी असतं, आजूबाजूच्या आखाती पाण्यापेक्षा 26 अंशांची पातळी दुपटीहूनही खोल. ओपल बरोबर त्याच्यावरून गेलं. 14 तासांत मध्यावरचा दाब 965 वरून 916 हेक्टोपास्कलवर उतरला. 4 ऑक्टोबरच्या पहाटे वारे ताशी सुमारे 240 किलोमीटरवर होते. आदल्या रात्री किनाऱ्यावरचे लोक बेताच्या वादळाची बातमी ऐकून झोपले होते. सकाळी जाग आली तेव्हा समोर जवळपास कमाल दर्जाचं वादळ होतं आणि बाहेर पडायचे रस्ते गाड्यांनी तुंबले.

संध्याकाळी पेन्साकोलाजवळ जमिनीला लागेपर्यंत ओपल उतरलं होतं: दाब 942, वारे ताशी सुमारे 185. भोवऱ्यावरून पुढे गेल्यावर त्याच्याखाली किनाऱ्यालगतचं उथळ, कमी उष्णतेचं पाणी आलं. त्याच वेळी वादळाच्या मध्यावरच्या शांत 'डोळ्या'भोवतीची ढगांची भिंत बदलण्याची अंतर्गत प्रक्रियाही चालू होती, ज्यात वादळ तात्पुरतं सैलावतं. हे सांगणं मला आवश्यक वाटतं, कारण ओपलची गोष्ट पुष्कळदा 'भोवऱ्याने वादळ वाढवलं' एवढ्यावरच संपवली जाते. वाढीच्या काळातही पश्चिमेकडून आलेल्या वरच्या थरातल्या कमी दाबाच्या द्रोणीने वरून हवा बाहेर ओढायला मदत केली होती. समुद्राने दार उघडं ठेवलं होतं आणि वरच्या हवेने ढकललं. दोन्हींमधला कुणाचा वाटा किती, हे एका वादळावरून काटेकोर सांगता येत नाही.

भोवरा सापडला तो तापमानाच्या नकाशात नव्हे, समुद्राच्या उंचीत. गरम पाणी प्रसरण पावतं, म्हणून खोलवर गरम असलेल्या जागी समुद्राचा पृष्ठभाग आसपासपेक्षा कित्येक सेंटिमीटर उंच असतो. 1992 मध्ये सोडलेल्या टोपेक्स/पोसायडन उपग्रहाचा रडार उंचीमापक ही उंची मोजत होता, आणि त्या नोंदींवरून शे, गोनी आणि ब्लॅक यांनी 2000 मध्ये ओपलच्या वाटेतला भोवरा मांडून दाखवला. आज अनेक उंचीमापक उपग्रहांच्या नोंदी एकत्र करून टीसीएचपीचे नकाशे रोज तयार होतात. त्यांची मर्यादा अशी की नेहमीचा उंचीमापक थेट आपल्या खालची रेघच मोजतो. दोन रेघांच्या मधला छोटा भोवरा निसटू शकतो, किंवा नकाशात पसरट, बोथट होऊन येतो.

बंगालच्या उपसागरात 2008 च्या 'नर्गिस'मध्येही हेच पाहायला मिळालं. म्यानमारच्या किनाऱ्याला 2 मे रोजी लागण्यापूर्वी ते 24 तासांत साध्या पहिल्या श्रेणीवरून चौथ्या श्रेणीवर गेलं. ज्या पाण्यावर ते वाढलं तिथे 26 अंशांची पातळी 73 ते 101 मीटर खोल होती आणि टीसीएचपी 77 ते 105, म्हणजे त्या भागात नेहमी असतं त्याहून बरंच जास्त.

आता आकड्याकडे. 'समुद्राचं तापमान 30.2' असं लिहिलेलं दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो: कुणी मोजलं, किती खोलीवर आणि किती वाजता?

उपग्रहाचा अवरक्त संवेदक मोजतो ती पाण्याची अगदी त्वचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी जाड. ही त्वचा सतत बाष्पीभवनाने उष्णता गमावत असते, म्हणून तिच्या लगेच खालच्या पाण्यापेक्षा ती साधारण 0.2 अंशाने गार असते. अवरक्त नोंद एक किलोमीटरपर्यंत बारकावे दाखवते, पण ढगांतून पाहू शकत नाही. चक्रीवादळाच्या कामात हा फार मोठा तोटा आहे, कारण आपल्याला जिथे पाहायचं असतं तिथेच ढग असतात. मायक्रोवेव्ह संवेदक ढगांतून पाहतो आणि साधारण एक मिलिमीटर जाडीच्या थराचं तापमान देतो, पण त्याची नजर पंचवीस-पन्नास किलोमीटरइतकी भरड असते, जोराच्या पावसात तो गोंधळतो, आणि किनाऱ्यालगत जमिनीचे किरण मिसळल्यामुळे त्याची नोंद टाकून द्यावी लागते. तरंगते बोये वीस सेंटिमीटरच्या आसपास मोजतात, नांगरलेले बोये बहुधा एक मीटरवर, आणि जहाजाच्या इंजिनात जाणारं पाणी काही मीटर खोलीवरचं असतं, तेही इंजिनाच्या उबेने किंचित वाढलेलं. हे सगळे आकडे समुद्रपृष्ठाचं तापमान या एकाच नावाने येतात.

बहुतेक वेळा त्यांच्यातला फरक काही दशांश अंशांचा असतो. पण वारा पडलेला असेल आणि ऊन कडक असेल तर दुपारी वरच्या एक-दोन मीटरमध्ये पाणी दोन-तीन अंशांनी, कधी त्याहूनही जास्त तापतं. मी या कामात नवा असताना असाच फसलो होतो. एका शांत आठवड्यात दुपारच्या अवरक्त चित्रात 32 अंशांचा मोठा लाल पट्टा दिसला आणि पुढच्या वादळासाठी इथे भरपूर इंधन आहे असं मी टिपणात लिहिलं. वरिष्ठांनी त्याच भागातलं पहाटेचं चित्र काढून समोर ठेवलं, त्यात 29.4 होतं. बोयाच्या एक मीटरवरच्या नोंदीत दुपारी जेमतेम अर्ध्या अंशाची वाढ होती. तो लाल पट्टा म्हणजे पाण्यावरची पातळ तापलेली साय होती, पहिल्या जोराच्या वाऱ्याने मोडली असती. तेव्हापासून पहाटेची नोंद पाहिल्याशिवाय मी दुपारच्या आकड्यावर काही बोलत नाही. या कारणासाठीच काही विश्लेषणांत दिवसभराच्या तापण्याचा भाग वगळून 'पायाभूत' तापमान दिलं जातं. ब्रिटिश हवामान खात्याचं ओस्टिया त्याच पद्धतीचं आहे. वादळाच्या अंदाजासाठी तेच घ्यावं.

दुसरा फसवा भाग म्हणजे नकाशातली अखंडता. रोजचा जागतिक नकाशा कुठेही फाटलेला नसतो, पण त्यामागच्या नोंदी फाटक्या असतात. ढगाखालच्या जागा आदल्या दिवसांच्या नोंदींवरून आणि शेजारच्या पाण्यावरून भरलेल्या असतात. एका वादळाने पाणी गार केलं आणि त्यावर ढग तसेच राहिले, तर नकाशा दोन-तीन दिवस जुनंच गरम पाणी दाखवू शकतो. पाठोपाठ दुसरं वादळ येत असेल तर ही चूक महागात पडते. म्हणून नकाशाबरोबर येणारे त्रुटीचे रकानेही उघडून पाहावीत. अशा विश्लेषणांच्या फायलीत तापमान बहुधा `analysed_sst` या नावाने आणि त्याची अंदाजित त्रुटी `analysis_error` या नावाने असते, तापमान केल्विनमध्ये. जिथे त्रुटी एकाएकी वाढलेली दिसते तिथे संवेदकाने काही पाहिलेलं नाही, गणिताने भरलं आहे असं समजावं.

वादळामागे राहणारा गार पट्टा स्वतः फार उपयोगाचा पुरावा असतो. उत्तर गोलार्धात तो वाटेच्या उजव्या बाजूला जास्त गडद उमटतो, दक्षिणेत डाव्या, कारण त्या बाजूला वाऱ्याची दिशा ज्या चालीने वळते तीच पाण्याच्या आंदोलनाची चाल असते आणि घुसळण जोर धरते. पट्टा फिका असेल तर दोन शक्यता असतात: खाली गरम पाण्याचा जाड थर आहे, किंवा वादळ इतक्या वेगाने गेलं की घुसळायला वेळच मिळाला नाही. म्हणून वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग बाजूला ठेवून समुद्राचा आकडा वाचता येत नाही. ताशी 25 किलोमीटरने जाणारं वादळ स्वतः गार केलेलं पाणी मागे टाकत जातं. ताशी 10 ने रेंगाळणारं त्याच पाण्यावर बसून राहतं. जुलै 2000 मध्ये दक्षिण चीन समुद्रात 'काय-ताक' नावाचं मध्यम वादळ जवळपास तीन दिवस एकाच जागी थांबलं आणि तिथलं पृष्ठतापमान 9 अंशांहून जास्त उतरलं. तिथे सुरुवातीचा 30 अंशांचा आकडा वादळासाठी काही तासांतच निरर्थक झाला होता.

सरासरीपासूनच्या फरकाचे नकाशे बातम्यांत फार दिसतात आणि त्यावरून सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष निघतात. लाल भडक 'अधिक 2 अंश' एखाद्या 22 अंशांच्या समुद्रावर असेल तर तिथे पाणी 24 झालं, एवढंच. आणि नेहमीच 30 अंशांवर राहणाऱ्या समुद्रात फरक शून्य दिसला तरी इंधन भरपूर असतं. फरक कुठल्या तीस वर्षांच्या सरासरीशी काढला तेही पाहावं. 1981 ते 2010 च्या सरासरीशी तुलना केलेला नकाशा 1991 ते 2020 च्या तुलनेत जास्त लाल दिसतो, पाणी मात्र तेच असतं.

टीसीएचपीचीही एक उणीव आहे, ती नदीमुखांजवळच्या समुद्रात कळते. पाण्याची घनता खारेपणावरही ठरते. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात, पावसाळ्यात आणि त्यानंतर, नद्यांचं गोडं पाणी वर हलक्या थरासारखं पसरतं. त्याखाली पाणी तितकंच ऊबदार पण जास्त खारं, म्हणून जड. वादळाची बरीच ताकद हा हलका थर खाली ढकलण्यातच खर्च होते आणि खोलातलं गार पाणी वर येत नाही. अशा जागी टीसीएचपी बेताचं असूनही पृष्ठ गार होत नाही आणि वादळाला आधार मिळत राहतो. हे उंचीमापकाला दिसत नाही. त्यासाठी आर्गो फ्लोट या समुद्रात आपोआप वर-खाली जाणाऱ्या यंत्राची नोंद लागते, जी तापमान आणि खारेपणा दोन्ही देते. प्रत्येक फ्लोट साधारण दहा दिवसांनी एकदाच वर येतो आणि वादळाच्या वाटेत तो असेलच असं नाही, पण जवळपास एक जरी सापडला तरी त्याची एक उभी नोंद मला रंगीत नकाशाच्या दहा पानांपेक्षा जास्त सांगते.

मग प्रत्यक्ष बसल्यावर मी काय करतो? कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आहे असं दिसलं की आधी वरच्या-खालच्या वाऱ्यांतला फरक आणि मधल्या थराचा दमटपणा पाहतो. ते विरुद्ध असतील तर समुद्राचा आकडा त्या दिवशी बाजूला ठेवतो. ते अनुकूल असतील तर वादळाची अपेक्षित वाट पायाभूत तापमानाच्या नकाशावर आखतो. त्या वाटेवर 28 च्या वरचं पाणी सलग आहे का आणि त्रुटीचे रकाने कुठे फुगलेत ते बघतो. मग तीच वाट टीसीएचपी आणि समुद्राच्या उंचीच्या नकाशावर ठेवतो आणि वाटेत चढ-उतार कुठे आहेत, वादळ तिथे साधारण किती वाजता पोचेल, ते टिपतो. जवळच्या बोयाची गेल्या तीन-चार दिवसांची नोंद आणि सापडला तर आर्गोचा आलेख काढतो. शेवटी सरकण्याचा वेग धरून, वादळाच्या पोटाखाली पाणी किती गार होईल याचा वरच्यासारखा ढोबळ हिशेब कागदावर करतो. मॉडेल हेच काम कितीतरी बारकाईने करतं, पण माझा हिशेब आणि मॉडेलचं उत्तर यांत दोन अंशांचा फरक आला, तर बहुतेक वेळा मॉडेलला सुरुवातीला दिलेल्या समुद्रातच तो भोवरा नसतो किंवा चुकीच्या जागी असतो, आणि त्या दिवशी तीव्रतेच्या अंदाजाला मी वरच्या बाजूला जास्त मोकळीक ठेवतो.